बायोडाटात ‘पगार’ लिहू नका : फ्रीलान्स आणि स्टार्टअपवाल्या स्थळांसाठी

आमच्याकडे नाव नोंदवलेल्या आणि नोंदवू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी, आणि त्यांच्या आईवडिलांसाठी.

गेल्या दोन-तीन वर्षांत जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून स्वतःचं काम करणारी मुलं आमच्याकडे येत आहेत. कोणी घरी बसून पुण्याच्या कंपन्यांचे ॲप बनवतो, कोणी डिझाईन करतो, कोणी दोन मित्रांसोबत कंपनी काढली आहे. कष्टाळू आणि चांगल्या घरची मुलं आहेत. पण समोरच्या घरातून पहिला प्रश्न येतो तो ठरलेला, “पोऱ्या काय करस? पगार कितला शे?” रेल्वे, आयुधनिर्माणी, दीपनगरचं वीज केंद्र आणि झेडपीची शाळा यांवर ज्यांची घरं उभी राहिली, त्यांनी हा प्रश्न विचारला तर त्यात वावगं काहीच नाही. अडचण होते ती उत्तरात.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक एकच आहे. वर्षातला सगळ्यात भरघोस महिना घेऊन तो आकडा ‘पगार’ म्हणून बायोडाटात टाकायचा.

एक उदाहरण सांगतो, ओळख लागेल असे तपशील बदलले आहेत. जामनेर तालुक्यातला मुलगा, सॉफ्टवेअरची कामं घेतो, हाताखाली एक मदतनीस. बायोडाटात लिहिलं, ‘पगार : 2 लाख 60 हजार दरमहा’. स्थळ भुसावळचं, मुलीचे वडील रेल्वेतून निवृत्त. पाहणं झालं, मुलं एकमेकांशी छान बोलली. मग मुलीच्या मामांनी सॅलरी स्लिप आणि फॉर्म 16 मागितला. दोन्ही नव्हतं, कारण ते नोकरदारालाच मिळतं. मुलाने आयटीआर दाखवला, त्यावर उत्पन्न 7 लाख 20 हजार. मामांनी तिथेच हिशेब मांडला. 2 लाख 60 हजार गुणिले बारा म्हणजे 31 लाख 20 हजार, आणि कागदावर 7 लाख 20 हजार! पोरगा खोटारडा ठरला. दोन्ही घरांचे दोन महिने गेले आणि मुलीला जे वाईट वाटलं ते वेगळंच.

मुलगा खोटारडा नव्हता. आम्ही त्याला बसवून बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट उघडलं. मार्चमध्ये खरोखर 2 लाख 60 हजार जमा होते. ऑक्टोबरात 1 लाख 80 हजार, जूनमध्ये 40 हजार, जुलैत शून्य. वर्षाची जमा 14 लाख 40 हजार. त्यातून मदतनिसाचे पैसे, लॅपटॉप, सॉफ्टवेअरची वर्गणी, इन्व्हर्टर, पुण्याच्या फेऱ्या असा खर्च 4 लाख 80 हजार. हाती उरले 9 लाख 60 हजार, म्हणजे कर जायच्या आधी महिन्याला सरासरी 80 हजार. खरा आकडा हा.

मग आयटीआरवर 7 लाख 20 हजार का? स्वतंत्र व्यावसायिकांसाठी, त्यात आयटीवालेही आले, प्राप्तिकरात एक सोपी सोय आहे. ठरावीक मर्यादेपर्यंत वर्षाची जमा असेल तर खर्चाच्या वह्या न ठेवता किमान निम्मी जमा उत्पन्न म्हणून दाखवता येते. जुन्या कायद्यातलं 44एडीए कलम म्हणतात ते हेच. बहुतेक मुलं निम्म्यावरच थांबतात. त्यामुळे कागदावरचं उत्पन्न हातातल्यापेक्षा कमी दिसू शकतं. हे आधी सांगितलं तर समजावणी होते, नंतर सांगितलं तर सारवासारव वाटते. मुलीकडच्यांना आम्ही याची दुसरी बाजूही सांगतो. उद्या घरासाठी कर्ज काढायचं झालं तर बँक हाच कमी आकडा बघणार.

म्हणून आमच्याकडे अशा स्थळांच्या बायोडाटात ‘पगार’ हा शब्द आम्ही छापत नाही. काही पालक यावर नाराज होतात, “तुम्हीच आमच्या मुलाचं वजन कमी करता” म्हणतात. उलट आहे. ‘कामाचं स्वरूप’ आणि ‘वार्षिक उत्पन्न, खर्च वजा जाता’ असे दोन रकाने आम्ही करतो आणि सोबत एक पानाचं उत्पन्न-पत्रक जोडतो. त्यात चार गोष्टी असतात : वर्षाची जमा आणि खर्च, सगळ्यात लंगडे दोन महिने, किती ग्राहकांकडून काम येतं, आणि काम बंद पडलं तर घर किती महिने चालेल. त्या मुलाचा घरखर्च महिना 35 हजार होता आणि एफडीत 2 लाख 10 हजार होते, म्हणजे सहा महिने. जुलैचा शून्य आम्ही लपवला नाही, त्याच्या शेजारी ही एफडी लिहिली. नोकरीत पीएफ आणि कंपनीचा विमा असतो, इथे नसतो. म्हणून स्वतःचा आरोग्य विमा असेल तर तोही लिहा, नसेल तर लग्नाआधी काढा.

ग्राहकांची संख्या फॉर्म 26एएसवरून चांगली कळते, कारण कंपन्या बिलातून टीडीएस कापतात आणि तो तिथे दिसतो. सगळी जमा एकाच कंपनीकडून असेल तर ती कंपनी गेली की काम गेलं, हे मुलीच्या घरच्यांना कळायला हवं. परदेशी ग्राहकांचे पैसे तिथे सापडणार नाहीत, त्यासाठी बँकेचे परदेशातून रक्कम आल्याचे कागद आणा.

पत्रक नवीन केल्यावर त्या मुलाला रावेरकडचं स्थळ दाखवलं. वडील केळीवाले. पत्रक वाचून म्हणाले, “आमचं बी असंच. वर्षभर पाणी-खत घालायचं, पैसा कापणीला.” केळीच्या बागायतदाराला महिन्याचा पगार कोणी विचारत नाही, वर्षाचं विचारतात. आमच्या मुलांनी बोलताना हाच धागा धरावा. पाहण्याच्या वेळी सरळ सांगा, “काका, मला पगार नाही, कामाचं बिल मिळतं. वर्षाला खर्च जाऊन साडेनऊ लाखांच्या आसपास उरतात, एखादा महिना रिकामा जातो, त्यासाठी सहा महिन्यांचे पैसे बाजूला आहेत.” एवढं पुरतं. ‘क्लायंट’, ‘स्केल’ असले शब्द तिथे नकोत.

कंपनी काढलेल्यांसाठी वेगळं. कंपनीच्या खात्यातले पैसे तुमचे नाहीत, गुंतवणूकदाराने दिलेले तर नाहीतच. बायोडाटात फक्त तुम्ही स्वतः दरमहा काय घेता ते लिहा, भले ते 25 हजार असो. शेअरची किंमत उत्पन्नात धरू नका, विकत घेणारा मिळेपर्यंत तो पैसा हातात नसतो. कंपनीच्या कर्जाला तुमची वैयक्तिक हमी किंवा वडिलांची शेती तारण असेल तर ते बोलणी पुढे जाण्याआधी सांगायलाच हवं. हे लपवलेलं स्थळ आम्ही यादीतून काढतो.

मुलींचंही हेच पत्रक करतो. फक्त त्यात कामाच्या वेळा नक्की लिहा. रात्री नऊला परदेशी मीटिंग असते हे सासरी पहिल्या आठवड्यात कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं, नाहीतर “सून ते घरमाच बठेल शे” ऐकावं लागतं.

कागद कशाला मागता, असं अजूनही विचारतात. आयटीआर आणि स्टेटमेंट आम्ही व्हॉट्सॲपवर घेत नाही, झेरॉक्स ठेवत नाही, समोर बघून आकडे पत्रकात उतरवतो आणि तुमचे कागद तुम्हाला परत देतो. समोरच्यांना मूळ कागद बघायचे असतील तर ते आमच्या कार्यालयात, तुमच्यासमोर. नोंदणी असलेल्यांना पत्रकाचं वेगळं शुल्क नाही, दरवर्षी आयटीआर भरल्यावर ते आम्ही मोफत बदलून देतो.

येताना तीन वर्षांचे आयटीआर (तेवढे नसतील तर आहेत तेवढे), बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, 26एएस आणि विम्याची पॉलिसी आणा. तासभर लागतो, म्हणून आदल्या दिवशी फोन करून या. आखाजीनंतर गर्दी असते, त्याआधी आलात तर निवांत बसता येईल.