दोन दाढांच्या मधली सावली

चौदा वर्षांची मुलगी खुर्चीत बसली होती. तोंडात आरसा फिरवला तर सगळे दात पांढरेशुभ्र, कुठे काळा ठिपकासुद्धा नाही. "हिला काही दुखत नाही, खुपत नाही, मग एक्स-रे कशाला?" आईने विचारलं. प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र आरशाला दिसत नाही अशा जागी होतं.

दाढा एकमेकींना खेटून उभ्या असतात. त्या जिथे टेकतात तिथे ब्रशचा केस पोचत नाही आणि डॉक्टरची नजरही पोचत नाही. कीड लागते ती नेमकी त्या टेकण्याच्या बिंदूच्या जरा खाली, हिरडीच्या बाजूला. तिथे अन्नाचा आणि जंतूंचा थर निवांत बसून राहतो. जंतू साखर खाऊन आम्ल सोडतात. आम्लता वाढून थराचा पीएच ५.५ च्या आसपास किंवा त्याखाली गेला की इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरातली, खनिजं विरघळू लागतात. थोड्या वेळाने लाळ त्यातली काही परत आणून बसवते. दिवसभर ही देवघेव चालू असते. जाणं येण्यापेक्षा जास्त झालं की कीड सुरू होते. किशोरवयात धोका जास्त असतो, कारण बाराव्या वर्षाच्या सुमारास दुसरी मोठी दाढ आणि उपदाढा नुकत्याच आलेल्या असतात. दात उगवल्यानंतर लाळेतून खनिजं घेत घेत इनॅमल पक्कं व्हायला काही वर्षं लागतात, तोवर ते आम्लापुढे कच्चं असतं.

अशा जागांसाठी बाइटविंग एक्स-रे काढतात. फिल्म किंवा सेन्सरला एक छोटा पंखासारखा तुकडा असतो. तो दातांत धरून तोंड मिटायचं, म्हणून हे नाव. वरच्या आणि खालच्या दाढांची डोकी एकाच चित्रात येतात, मुळांची टोकं येत नाहीत. ही पद्धत १९२५ मध्ये अमेरिकन दंतवैद्य हॉवर्ड रेपर यांनी मांडली. किरणांची मात्रा फार थोडी असते. आजच्या उपकरणांनी काढलेल्या एका बाइटविंगमधून जेवढी मात्रा मिळते, ती साधारणपणे जमिनीतून, हवेतून आणि आकाशातून एका दिवसात आपल्याला मिळणाऱ्या नैसर्गिक मात्रेपेक्षा कमी भरते.

मुलीच्या डाव्या बाजूच्या चित्रात तीन सावल्या दिसल्या. निरोगी इनॅमल एक्स-रेत दातावरच्या पांढऱ्या टोपीसारखं दिसतं, आतलं डेंटिन राखाडी. खालच्या दुसऱ्या उपदाढेच्या मागच्या कडेला टोपीत एक बारीक खाच होती, इनॅमलच्या बाहेरच्या अर्ध्या भागातच थांबलेली. शेजारच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या पुढच्या कडेला काळसर त्रिकोण होता, बूड बाहेर आणि टोक आत, जवळजवळ डेंटिनपर्यंत. वरच्या पहिल्या दाढेवरच्या त्रिकोणाचं टोक मात्र डेंटिनला टेकून तिथे जरासं पसरलं होतं. डेंटिन मऊ असल्यामुळे कीड तिथे पोचली की आडवी फाकते.

आता इथे दोन गोष्टी एकत्र ध्यानात ठेवाव्या लागतात, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. पहिली अशी, की खरं नुकसान सावलीपेक्षा थोडं पुढे गेलेलं असतं. किरण गालाच्या बाजूने शिरून जिभेच्या बाजूने निघतो, म्हणजे दाढेची सगळी रुंदी, सुमारे एक सेंटिमीटर, ओलांडतो. कीड त्या वाटेत एक-दोन मिलिमीटरच असते, बाकी सगळं घट्ट इनॅमल आणि डेंटिन. त्या घट्टपणात छोटीशी उणीव झाकली जाते. म्हणून एखाद्या जागची तीस-चाळीस टक्के खनिजं गेल्याखेरीज ती सावली म्हणून दिसत नाही.

दुसरी गोष्ट अशी, की सावली म्हणजे खड्डा नव्हे. आम्ल इनॅमलमध्ये शिरतं तेव्हा खनिजं आतून जास्त जातात आणि वरचा पापुद्रा बराच काळ शाबूत राहतो. पापुद्रा टिकून असेल तर जंतूंचा थर दाताच्या बाहेरच असतो, दातांच्या फटीतून फिरवायच्या दोऱ्याने, म्हणजे फ्लॉसने, निघतो, आणि कीड जागच्या जागी थांबू शकते. पापुद्रा फुटून खड्डा झाला की जंतू आत मुक्काम करतात, तिथे फ्लॉस काही करू शकत नाही. सिमेंट भरायचं की नाही हे मुख्यतः या एका गोष्टीवर ठरतं, आणि नेमकी तीच एक्स-रे सांगत नाही. सावली इनॅमलच्या बाहेरच्या भागात असेल तर खड्डा क्वचितच असतो, डेंटिनच्या मध्यापर्यंत गेली असेल तर बहुधा असतोच. मधल्या पट्ट्यात अंदाजावर ड्रिल उचलणं मला पटत नाही. दोन दाढांच्या मधे पोचायचं तर वरून निरोगी दात कापतच खाली जावं लागतं, शेजारच्या दाताला ड्रिलचा ओरखडा सहज लागतो, आणि चौदाव्या वर्षी केलेलं फिलिंग आयुष्यात पुन्हापुन्हा बदलावं लागतं, दर वेळी थोडं मोठं होऊन.

म्हणून आम्ही वरच्या दाढेच्या आणि खालच्या दाढेच्या पुढच्या फटीत एकेक रबरी कडी बसवली. दात सरळ करणारे डॉक्टर वापरतात तीच. दोन-तीन दिवसांत ती दाढांना किंचित दूर सारते. कड्या काढल्यावर जागा पुसून, हवेने सुकवून उजेडात पाहता आली. खालच्या दाढेवर खडूसारखा मळकट पांढरा डाग होता, पण वरून बोथट सळई फिरवली तर ती कुठे अडली नाही. (इथे टोकदार सळई खुपसू नये, पातळ झालेला पापुद्रा तिनेच फुटतो.) वरच्या दाढेवर मात्र सळई एका बारीक भोकात अडकली. ती एक दाढ भरली, बाकी दोन जागा तशाच ठेवल्या.

तशाच म्हणजे वाऱ्यावर नव्हे. त्या जागांना दर तीन महिन्यांनी फ्लोराइड वार्निश लावलं. फ्लोराइडच्या सान्निध्यात परत बसणारी खनिजं आम्लाला जास्त दाद देत नाहीत. रोज रात्री त्या फटींतून फ्लॉस, फ्लोराइडची पेस्ट, आणि दोन जेवणांच्या मधलं गोड पेय बंद. शेवटची गोष्ट मुलीला सर्वांत जड गेली, पण दर घोटाला आम्लाचा नवा फेरा सुरू होतो हे चित्र काढून दाखवल्यावर तिने ती मनावर घेतली.

वर्षाने पुन्हा बाइटविंग काढला. खालच्या दाढेवरची सावली गायब! आईचा चेहरा उजळला. पण नीट पाहिलं तर दोन दातांच्या कडा एकमेकींवर चढून तिथे पांढरी पट्टी तयार झाली होती. किरणांचा कोन जरा तिरपा झाला की असं होतं आणि त्या पट्टीमागे सावली लपते. कोन सुधारून त्या बाजूचा पुन्हा काढला. आता फट मोकळी दिसली, आणि त्रिकोण होता तिथेच होता. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून टोक डेंटिनपासून किती दूर आहे ते ताडून पाहिलं, जराही पुढे सरकलं नव्हतं.

"म्हणजे बरी झाली नाही?" मुलीने विचारलं. तिला सांगितलं, की खनिजं मुख्यतः वरच्या थरात परत बसतात, आतली जागा पूर्ण भरत नाही, त्यामुळे थांबलेल्या किडीची सावलीही वर्षानुवर्षं दिसत राहते. आपण ती पुसली जाण्याची नव्हे, ती न वाढण्याची वाट पाहतो आहोत. उपदाढेवरची खाचही तेवढीच होती. पुढचा एक्स-रे दीड वर्षाने काढायचा ठरला, आणि या वेळचा कोन आम्ही तिच्या कार्डावर लिहून ठेवला.