जननेंद्रियावर वारंवार येणारे फोड व जखमा : तपासणीपूर्वी वाचावे असे माहितीपत्रक

आमच्या रक्त व स्वॅब तपासणी प्रयोगशाळेत येणारे अनेक ग्राहक आधीच ठरवून आलेले असतात की आपल्याला हर्पिस झाला आहे आणि आता फक्त रक्ताच्या चाचणीने त्याची खात्री करून घ्यायची आहे. अशा बऱ्याच जणांना रक्ताच्या चाचणीचा फारसा उपयोग होत नाही, आणि काहींना मुळात हर्पिस नसतोच. म्हणून नमुना देण्यापूर्वी पुढील माहिती वाचावी, अशी विनंती आहे. निदान व औषधोपचार अर्थातच त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञांनी किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांनीच करावयाचे आहेत.

हर्पिसचा विषाणू दोन प्रकारचा असतो. पहिला प्रकार बहुधा ओठांवर आणि दुसरा बहुधा जननेंद्रियावर आढळतो, तथापि मुखमैथुनामुळे पहिला प्रकारही खालच्या भागात येऊ शकतो. एकदा शिरलेला विषाणू कण्याच्या खालच्या टोकाजवळील मज्जातंतूंच्या गाठींमध्ये आयुष्यभर राहतो आणि अधूनमधून त्याच मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो, त्यामुळे फोड दरवेळी साधारण त्याच परिसरात उठतात. उठण्याच्या काही तास ते एक-दोन दिवस आधी तेथे मुंग्या येतात, आग होते किंवा खाज सुटते. नंतर लालसर त्वचेवर बारीक पाणीदार फोडांचा पुंजका येतो, फोड फुटून उथळ, दुखऱ्या जखमा होतात, आणि पुन्हा उद्भवलेल्या वेळी त्या बहुधा आठवडा-दहा दिवसांत डाग न ठेवता भरून येतात. पहिला झटका मात्र अधिक त्रासदायक असतो : ताप, जांघेत दुखऱ्या गाठी, लघवी करताना आग, आणि भरून येण्यास दोन ते तीन आठवडे.

याच्याशी सर्वाधिक गल्लत होणारा आणि आपल्याकडे मुळीच दुर्मिळ नसलेला विकार म्हणजे औषधाची ॲलर्जी, जी प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी उमटते. त्वचारोगतज्ज्ञ तिला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात. पुरुषांमध्ये शिश्नाचा पुढचा भाग हे तिचे आवडते ठिकाण आहे. जुलाबासाठी घेतल्या जाणाऱ्या टिनिडाझोल किंवा ऑर्निडाझोल असलेल्या गोळ्या, नॉरफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके, को-ट्रायमोक्साझोल, डॉक्सिसायक्लिन आणि ताप-अंगदुखीवरील वेदनाशामके ही तिची नेहमीची कारणे आहेत. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासापासून एक-दोन दिवसांच्या आत त्या जागी आग होते, गोल, जांभळट-लाल चट्टा उठतो, कधी त्यावर फोड येऊन त्वचा सोलवटते, आणि भरून आल्यावर काळपट डाग राहतो. हा डाग निदानाचा मोठा धागा आहे, आणि हर्पिसमध्ये तो सहसा राहत नाही.

समजून घेण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. चौतीस वर्षांच्या एका विवाहित गृहस्थांना वर्षभरात तीन वेळा एकाच जागी जखम झाली. दरवेळी त्यांनी मेडिकलच्या दुकानातून ॲसिक्लोव्हीर हे हर्पिसवरील औषध घेतले, आणि दरवेळी जखम दहा-बारा दिवसांत बरी झाली, त्यामुळे औषध लागू पडले असे वाटले; वस्तुतः ती आपोआपच बरी होणार होती. पुढे रक्ताच्या चाचणीत पहिल्या प्रकारच्या हर्पिसविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडे आढळली आणि घरात संशयाचे वातावरण निर्माण झाले. डॉक्टरांनी मात्र तिन्ही वेळच्या आधीच्या दोन दिवसांत काय खाल्ले-प्यायले आणि कोणती औषधे घेतली, हे बारकाईने विचारले. तिन्ही वेळा बाहेरचे खाणे, जुलाब आणि टिनिडाझोल असलेली तीच गोळी, असा क्रम निघाला. चौथ्या वेळी ताज्या जखमेचा स्वॅब घेतला असता पीसीआर चाचणीत विषाणू आढळला नाही. ती गोळी कायमची बंद झाली आणि जखमही पुन्हा झाली नाही. खात्रीसाठी तेच औषध स्वतःहून पुन्हा घेऊन पाहणे धोक्याचे आहे, कारण दरवेळी चट्टे वाढत जाऊन अंगभर पसरू शकतात.

मग त्या रक्ताच्या अहवालाचा अर्थ काय? पहिल्या प्रकारचा संसर्ग अनेकांना लहानपणीच, घरातल्या साध्या संपर्कातून झालेला असतो, आणि प्रतिपिंडे शरीरात कोठे जखम आहे हे सांगत नाहीत. दुसऱ्या प्रकारची आयजीजी प्रतिपिंडे आढळल्यास संसर्ग बहुधा खालच्या भागात आहे असे समजते, परंतु तो केव्हा झाला आणि कोणाकडून झाला हे त्यातूनही कळत नाही. पहिले फोड संसर्गानंतर कित्येक वर्षांनीही दिसू शकतात, म्हणून अहवाल हाती घेऊन जोडीदाराला जाब विचारणे अन्यायाचे ठरू शकते. नव्या संसर्गानंतर प्रतिपिंडे तयार होण्यास बारा आठवड्यांपर्यंत काळ लागू शकतो, आणि अहवालातील आकडा मर्यादेच्या किंचितच वर असेल तर तो चुकीचा पॉझिटिव्ह असण्याची शक्यता बरीच असते. आयजीएम चाचणी तर या कामासाठी करूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे, जरी ती आमच्या दरपत्रकात असली तरी.

खरी उपयोगाची चाचणी म्हणजे ताज्या फोडाच्या स्वॅबची पीसीआर. शक्यतो फोड उठल्यापासून दोन-तीन दिवसांत, खपली धरण्यापूर्वी यावे, आणि त्या जागी मलम लावू नये. तंत्रज्ञ फोड हलकेच उघडून त्याच्या तळाशी स्वॅब घासतो, क्षणभर झोंबते. विषाणू आढळल्यास त्याचा प्रकारही कळतो, आणि ते महत्त्वाचे आहे, कारण खालच्या भागात दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा बराच अधिक वेळा उलटतो. सुकत आलेल्या जखमेचा निगेटिव्ह अहवाल मात्र हर्पिस नाही असे सिद्ध करत नाही. पुढच्या वेळी लवकर यावे लागते.

जखम एकटी, कडक काठाची आणि न दुखणारी असेल तर सिफिलिसचा विचार आधी करावा लागतो. ती काही आठवड्यांत आपोआप भरते, आजार मात्र आत राहतो. म्हणून कोणत्याही नव्या जखमेसोबत सिफिलिससाठीच्या व्हीडीआरएल व टीपीएचए आणि एचआयव्ही या चाचण्या कराव्यात. वारंवार चिरा पडणे व पांढरट थर दिसणे हे बुरशीचे, आणि त्यामागे दडलेल्या मधुमेहाचे लक्षण असू शकते. तोंडातही वारंवार मोठे व्रण येत असतील, डोळे लाल होत असतील, तर बेसेट नावाच्या विकारासाठी तज्ज्ञांना दाखवावे.

हर्पिस निश्चित झाल्यास औषधाने तो मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो. पुन्हा उद्भवल्यावर मुंग्या येताच, पहिल्या दिवसाच्या आत गोळ्या सुरू केल्या तर फायदा होतो; ॲसिक्लोव्हीर ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा पाच दिवस, हा नेहमीचा क्रम आहे. मलमाचा उपयोग नगण्य असतो. वर्षातून सहा किंवा अधिक वेळा त्रास होत असल्यास डॉक्टर तेच औषध रोज दोन वेळा, अनेक महिने देतात, आणि त्याने झटके बहुतांशी कमी होतात. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना मात्रा बदलावी लागते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. फोड असताना, तसेच मुंग्या येऊ लागल्यापासून, संबंध टाळावेत. एरवीही विषाणू त्वचेवर नकळत येत असल्याने निरोध वापरावा, जरी त्याने झाकली न जाणारी त्वचा उघडीच राहते.

गरोदर स्त्रीने पूर्वी असे फोड आले असल्यास नोंदणीच्या वेळीच सांगावे. शेवटच्या महिन्यात गोळ्या देऊन प्रसूतीच्या वेळी जखम असण्याची शक्यता कमी करता येते, आणि कळा सुरू झाल्यावर जखम असल्यास सिझेरियनचा निर्णय घेतला जातो.

आमच्याकडे येताना जखमेच्या आधीच्या आठवड्यात घेतलेल्या सर्व गोळ्यांची रिकामी पाकिटे, डोकेदुखीच्या गोळीसह, सोबत आणावीत. खर्च परवडत नसल्यास सरकारी रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये लैंगिक आजारांची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात.