जुनी वेबसाइट आमच्याकडे आली की पहिला ईमेल असा का असतो

दुसऱ्या कुणी बनवलेली वेबसाइट तुम्ही आमच्याकडे देखभालीला दिलीत, की पहिल्या आठवड्यात आमचा एक लांबलचक ईमेल येतो. तो वाचून बऱ्याच जणांचा लगेच फोन येतो, "म्हणजे आमची साइट हॅक झालीय का?" बहुतेक वेळा तसं नसतं. दार उघडं आहे एवढंच आम्हाला दिसलेलं असतं. कुणी आत आलं का, हे वेगळं तपासावं लागतं. कोकणातल्या एका होमस्टेच्या मालकीणबाईंना पाठवलेला ईमेल त्यांच्या परवानगीने इथे देतो आहोत.

> नमस्कार ताई,
>
> काल साइटचा कोड पाहिला. दोन गोष्टी तातडीच्या आहेत. पहिली आज रात्रीच बंद करायला तुमचा होकार हवा.
>
> बुकिंग करताना पाहुणे आधार कार्डाचा फोटो अपलोड करतात. ते सगळे फोटो `/uploads/` या फोल्डरमध्ये आहेत. साइटच्या पत्त्यापुढे हे नाव लिहिलं की लॉगिन न करता पूर्ण यादी दिसते. खात्रीसाठी मी एकच फाइल उघडली, उतरवून घेतली नाही.
>
> दुसरं, बुकिंग शोधायच्या पानावर नंबराच्या शेवटी एक `'` चिन्ह टाकलं की डेटाबेसची एरर येते. म्हणजे बाहेरच्या माणसाने टाइप केलेला मजकूर थेट डेटाबेसपर्यंत पोचतो आहे. यापुढे मी काही करून पाहिलेलं नाही.

ताईंनी विचारलं, "यादी लपवली की झालं ना?" यादी एका ओळीत लपते. `.htaccess` या फाइलमध्ये हे लिहायचं:

```
Options -Indexes
```

पण फोटोंची नावं होती `1041.jpg`, `1042.jpg`, बुकिंगच्या नंबराप्रमाणे. यादी न दिसताही कुणीही एकेक आकडा वाढवत सगळे फोटो काढू शकला असता. इंटरनेटवरून थेट उघडतं ते `public_html` फोल्डरमधलंच, म्हणून फोटो त्याच्या बाहेरच्या फोल्डरमध्ये हलवले. आता ताईंनी लॉगिन केलं तरच एक छोटा प्रोग्रॅम तो फोटो आणून दाखवतो.

हलवण्याआधी मात्र सर्व्हरचे लॉग, म्हणजे साइटवरून कुणी कधी काय मागितलं याच्या नोंदी, उतरवून घेतले. ही घाई कशासाठी, ते सांगायला हवं. स्वस्तातल्या होस्टिंगवर जुने लॉग लवकर पुसले जातात, आणि कुणी काय पाहिलं याचा पुरावा तेवढाच असतो. त्यात अशा ओळी शोधायच्या असतात:

```
"GET /uploads/1042.jpg HTTP/1.1" 200
```

शेवटचा 200 म्हणजे फाइल मागणाऱ्याला मिळाली. एकाच IP पत्त्यावरून, म्हणजे एकाच इंटरनेट जोडणीवरून, ओळीने शेकडो नंबर मागितलेले दिसले, तर कुणीतरी फोल्डर उपसला आहे असं समजायचं. ताईंच्या लॉगमध्ये तसं काही नव्हतं, पण लॉग फक्त 30 दिवसांचे होते. त्याआधीचं आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि ईमेलमध्येही तसंच लिहिलं. उपसल्याच्या खुणा दिसल्या असत्या तर वेळ दवडता आला नसता: CERT-In या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत त्या संस्थेला कळवायची असते.

बुकिंगच्या पानाचा दोष कोडच्या एका ओळीत होता:

```php
$sql = "SELECT * FROM bookings WHERE ref = '" . $_GET['ref'] . "'";
```

पाहुण्याने टाइप केलेला नंबर इथे डेटाबेसला दिलेल्या हुकमातच चिकटवला आहे. नंबराऐवजी कुणी हुकमाचाच तुकडा टाइप केला, तर डेटाबेस तोही पाळतो आणि सगळ्या पाहुण्यांची नावं-फोन बाहेर काढून देतो. दुरुस्ती अशी:

```php
$st = $pdo->prepare("SELECT * FROM bookings WHERE ref = ?");
$st->execute([$_GET['ref']]);
```

आता हुकूम आधी ठरतो आणि टाइप केलेलं सगळं फक्त नंबर म्हणून तपासलं जातं. असा कोड साइटवर 23 ठिकाणी होता, त्याला तीन दिवस लागले. बिलातले बहुतेक तास या कामाचे आहेत. पहिल्या डेव्हलपरचं नाव ईमेलमध्ये कुठेच नाही, आणि ते आम्ही मुद्दाम टाळतो. त्यांना किती वेळ आणि पैसे मिळाले होते, हे आम्हाला ठाऊक नसतं.

एक काम ताईंचंच होतं. पाहुण्यांकडून पूर्ण आधार मागण्याऐवजी आता त्या मास्क केलेलं आधार घेतात, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात. चेक-आउटनंतर किती दिवसांनी फोटो पुसायचे, तेही त्यांनी ठरवलं. जो फोटो ठेवलाच नाही, तो चोरीला जात नाही.

असा ईमेल तुम्हाला आला तर त्याच ईमेलला उत्तर म्हणून "हो, करा" एवढं लिहा. लेखी होकार आल्याशिवाय आम्ही साइटवर कसलीही चाचणी पुढे नेत नाही. होस्टिंगचा पासवर्ड उत्तरात लिहू नका, तो फोनवर सांगा. काम संपलं की आम्ही तो तुमच्याकडूनच बदलून घेतो.