जीवनवृक्ष (कब्बाला)

ज्यू धर्मातील कब्बाला या गूढपरंपरेत ईश्वराच्या दहा प्रकट शक्तींची मांडणी ज्या आकृतीतून केली जाते, तिला जीवनवृक्ष (हिब्रू : एत्स खयीम) म्हणतात. आकृतीत दहा वर्तुळे असतात आणि त्यांना जोडणारे बावीस मार्ग असतात. वर्तुळांना ‘सेफिरोत’ म्हणतात. एक असेल तर ‘सेफिरा’. बावीस मार्गांना हिब्रू वर्णमालेतली बावीस अक्षरे दिली जातात. आजकाल ही आकृती लॉकेटवर, टॅरोच्या पुस्तकांत आणि योगवर्गांच्या भिंतींवरही दिसते. तिथे ती बहुधा माणसाने पायरी-पायरीने चढून जाण्याची शिडी म्हणून दाखवतात. मूळ परंपरेत मात्र ती आधी वरून खाली वाचायची असते. ईश्वरातून जग कसे निघाले, याचा तो नकाशा आहे.

नकाशाची गरज एका अडचणीतून पडली. कब्बालावाद्यांच्या मते ईश्वराचे मूळ स्वरूप ‘एन सोफ’, म्हणजे ज्याला अंत नाही असे आहे. त्याला नाव, गुण किंवा रूप चिकटवता येत नाही, त्याला प्रार्थनेत हाकही मारता येत नाही. बायबलमधला ईश्वर तर बोलतो, रागावतो, करुणा करतो. शिवाय मर्यादा, बदल आणि दुःख यांनी भरलेले जग त्या अमर्याद तत्त्वातून आले कसे, हाही प्रश्न उरतोच. यावर त्यांनी दिलेले उत्तर म्हणजे निःसरण. एन सोफमधून शक्ती टप्प्याटप्प्याने बाहेर वाहते. प्रत्येक टप्पा वरच्याकडून घेतो आणि खालच्याला देतो, पण मूळ स्रोतात काही कमी होत नाही. कुंभार मडके घडवतो तेव्हा मडके त्याच्यापासून वेगळे होते. निःसरणात जे निघाले ते उगमापासून कधीच तुटत नाही. एन सोफ स्वतः आकृतीत नसतो. त्याला वर्तुळ देणे म्हणजे त्याला सीमा घालणे, म्हणून पहिले वर्तुळ त्याच्या खाली सुरू होते.

दहा सेफिरोतांची कल्पना ‘सेफेर येत्सिरा’ या लहानशा प्राचीन ग्रंथात आहे. तिथे बजावले आहे की त्या दहा आहेत, नऊ नव्हेत. दहा आहेत, अकरा नव्हेत. पण तिथे त्या बहुतांशी संख्या म्हणूनच येतात. दैवी शक्तींचे झाड ही प्रतिमा बाराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण फ्रान्समध्ये पुढे आलेल्या ‘बाहिर’ या ग्रंथात ठळक झाली. पुढे स्पेनमधील हिरोना आणि कास्तिल इथल्या विद्वानांनी तिला तपशील दिला. तेराव्या शतकाच्या अखेरीस आरामी भाषेत आलेला ‘झोहर’ हा ग्रंथ तर या झाडाच्या फांद्याफांद्यांतून फिरतो. परंपरा तो दुसऱ्या शतकातील रब्बी शिमोन बार योखाय यांचा मानते. आधुनिक संशोधक त्याचा मुख्य कर्ता म्हणून मोशे दे लेओन (मृत्यू १३०५) यांच्याकडे बोट दाखवतात.

आकृती वरून वाचू लागले की पहिली येते केतेर, म्हणजे मुकुट. ही नुसती इच्छा आहे, अजून कशाचीही इच्छा न झालेली. तिला कब्बालावादी कधीकधी ‘आयिन’, म्हणजे ‘काही नाही’ असेही म्हणतात, कारण विचाराला तिथे धरायला काहीच सापडत नाही. तिच्यातून उजवीकडे खोखमा (प्रज्ञा) निघते. झोहर तिला एका बिंदूची उपमा देतो : सगळे त्यात आहे, पण काहीच वेगळे झालेले नाही. डावीकडे बीना (आकलन) त्या बिंदूभोवती महाल उभारते आणि बिंदूत दडलेले पसरून दाखवते. तिला आई म्हणतात, कारण खालच्या सात सेफिरोत तिच्या पोटी जन्मतात. या सातांची नावे बरीचशी बायबलमधल्या ‘पहिला इतिहास’ या पुस्तकातील एकाच वचनातून (२९:११) घेतली आहेत. त्यात दावीद राजा मोठेपणा, सामर्थ्य, शोभा, विजय, वैभव आणि राज्य हे सारे ईश्वराचे असल्याचे म्हणतो.

सातांपैकी पहिल्या तिघींवर खरा भर आहे. खेसेद (कृपा) उजव्या बाजूला असते. ती देत राहते आणि थांबणे तिच्या स्वभावात नाही. गेवुरा (सामर्थ्य, न्याय) डावीकडे असते. ती अडवते, मोजते, हद्द आखते. केवळ कृपा असती तर कोणतीच वस्तू स्वतःचा आकार धरू शकली नसती, सगळे पुन्हा उगमात विरघळले असते. केवळ न्याय असता तर काही टिकलेच नसते. दोघींच्या मध्ये आणि थोडी खाली तिफेरेत (सौंदर्य) दोन्ही प्रवाह एकत्र घेते. त्यामुळे आकृतीला तीन स्तंभ पडतात : उजवा कृपेचा, डावा न्यायाचा आणि मधला समतोलाचा. गेवुरा वाईट नाही, हे नवख्या वाचकाने ध्यानात ठेवावे. पण ती कृपेपासून सुटून एकटी वाढली की दुष्टाईचा उगम होतो, असे झोहर मानतो, आणि त्या दुष्ट प्रदेशाला ‘दुसरी बाजू’ म्हणतो.

हे तत्त्व कथेत कसे उतरते ते पाहण्यासारखे आहे. परंपरेने अब्राहाम हा खेसेद, इसहाक हा गेवुरा आणि याकोब हा तिफेरेत मानला आहे. वाटसरूंना तंबूत बोलावून जेवू घालणारा अब्राहाम कृपेचा पुरुष. उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात मात्र त्यालाच मुलाला वेदीवर बांधून सुरी उचलण्याची आज्ञा होते. वरवर वाचले तर परीक्षा घेतली जाते ती बापाच्या आज्ञाधारकपणाची. झोहर वेगळे वाचतो : अब्राहामात न्यायाचा अंश नव्हता, म्हणून तो अपुरा होता, त्या प्रसंगात कृपेने न्यायाला बांधले आणि दोघे एकमेकांत मिसळले. याकोब त्यानंतरच येऊ शकतो. झोहर बायबलच्या प्रसंगांमागे सेफिरोतांच्या हालचाली अशाच शोधत जातो.

तिफेरेतच्या खाली नेत्साख (चिरविजय) उजवीकडे आणि होद (वैभव) डावीकडे येतात. त्यांच्याबद्दल ग्रंथ तुलनेने कमी बोलतात. येसोद (पाया) ही वरचा सगळा प्रवाह गोळा करून पुढे सोडणारी वाट आहे. तळाशी माल्खुत (राज्य). माल्खुतजवळ स्वतःचे काही नाही. चंद्राप्रमाणे ती मिळालेलाच प्रकाश परतवते. तरीही आपल्या जगाला लागून असलेली तीच आहे. तिलाच ‘शेखिना’, म्हणजे माणसांमध्ये वास करणारे दैवी अस्तित्व, मानतात. सोळाव्या शतकात गालीलमधील सफेद गावी श्लोमो अल्काबेत्झ यांनी शब्बाथला वधू म्हणून सामोरे जाणारे ‘लेखा दोदी’ हे गीत रचले. त्या वधूत कब्बालावादी शेखिनाच पाहतात. महाराष्ट्रातील बेने इस्रायलींच्या सिनेगॉगांत शुक्रवारी संध्याकाळी हेच गीत गायले जाते.

वर मूळ आणि खाली फांद्या असलेले झाड म्हटले की मराठी वाचकाला गीतेच्या पंधराव्या अध्यायातला अश्वत्थ आठवणारच. साम्य चित्रापुरतेच आहे. अश्वत्थ वैराग्याच्या शस्त्राने तोडायचा असतो. कब्बालात ‘रोपे छाटणे’ हा सर्वांत मोठा अपराध आहे : एखादी सेफिरा, विशेषतः माल्खुत, बाकीच्यांपासून तोडून तिचीच उपासना करणे. आदामाचे पापही काही कब्बालावाद्यांनी असेच समजावले आहे.

याच ठिकाणी टीकाकारांचे बोट पडले. दहा शक्ती म्हणजे दहा देव तर नव्हेत ना? ही शंका बाहेरच्यांचीच नव्हती. तेराव्या शतकातील अब्राहाम अबुलाफिया हे स्वतः कब्बालावादी होते. सेफिरोत मानणारे लोक ख्रिस्ती त्रैक्याच्याही पुढे गेले, त्यांनी तिनाचे दहा केले, अशा आशयाचा टोला त्यांनी मारला. सेफिरोत हे ईश्वराचेच सार की त्याने वापरलेली साधने, यावर मग पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला. सफेदचे मोशे कोर्दोवेरो यांनी १५४८ मध्ये पूर्ण केलेल्या ‘पार्देस रिमोनीम’ ग्रंथात दोन्ही बाजू जुळवल्या. सूर्याचा प्रकाश दहा रंगांच्या काचांतून आला तर खोलीत दहा रंग दिसतात, पण प्रकाश एकच असतो आणि तो रंगत नाही. प्रकाश हे सार, काचा ही पात्रे. नवख्याने एकच गोष्ट धरून ठेवायची तर माझ्या मते ती ही : बदल दिसतो तो घेणाऱ्याच्या बाजूने.

कोर्दोवेरोंच्या पाठोपाठ सफेदमध्येच इत्साक लुरिया (१५३४–१५७२) यांनी या शांत प्रवाहात मोठी उलथापालथ आणली. त्यांच्या शिकवणीत एन सोफ आधी स्वतःला आकसून जागा मोकळी करतो, मग प्रकाश पात्रांत उतरतो आणि खालची पात्रे तो न पेलून फुटतात. ठिणग्या विखुरतात, आणि त्या उचलून परत पोचवणे हे माणसाचे काम ठरते. तो स्वतंत्र विषय आहे. इथे एवढेच नोंदवायचे की लुरियानंतरचा वृक्ष हा दुरुस्त केलेला वृक्ष आहे.

छापील आकृत्या एकसारख्या नसतात. १५१६ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे योसेफ गिकातिला यांच्या ग्रंथाचा लॅटिन अनुवाद निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर एक पुरुष दहा वर्तुळांचे झाड हातात धरून बसलेला दिसतो. पाश्चात्त्य जगात सर्वाधिक पसरलेला नमुना जेझुइट विद्वान अथानासिउस किर्शर यांच्या १६५२ च्या आकृतीशी जुळतो. लंडनमध्ये १८८८ साली स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ या गूढवादी संघटनेने त्याच नमुन्यावर टॅरोची बावीस पाने बसवली. ही जोडणी ज्यू परंपरेतली नाही. समोरची आकृती कोणत्या घराण्यातली, हे ओळखायला तळाकडे पाहावे. किर्शरच्या नमुन्यात माल्खुतला तीन मार्ग पोचतात : नेत्साख, होद आणि येसोद यांच्याकडून. लुरियाच्या नावाने चालणाऱ्या नमुन्यात तिला एकट्या येसोदचाच मार्ग असतो, आणि उरलेले दोन मार्ग वर खोखमा–गेवुरा व बीना–खेसेद असे तिरके जातात. बेरीज दोन्हीकडे बावीसच. अर्थ मात्र बदलतो : दुसऱ्या नमुन्यात सगळा प्रवाह एकाच दारातून जगात येतो.

हा नकाशा प्रत्यक्ष वापरात कसा येतो, ते ‘ओमेर’च्या मोजणीत दिसते. वल्हांडण सणाच्या दुसऱ्या रात्रीपासून धार्मिक ज्यू ४९ दिवस रोज रात्री दिवस मोजतात. कब्बालावाद्यांनी सात आठवड्यांना खालच्या सात सेफिरोत दिल्या आणि प्रत्येक आठवड्याच्या सात दिवसांनाही त्याच सात दिल्या. पहिला दिवस कृपेतील कृपेचा. दुसरा कृपेतील न्यायाचा. त्या दिवशी माणसाने आपल्या देण्याला कुठे हद्द हवी ते तपासावे, असे आधुनिक मार्गदर्शिका सांगतात. आठव्या दिवशी क्रम उलटतो आणि न्यायातील कृपा येते : शिक्षा करताना मनात ममता आहे का? तेहतिसावा दिवस होदमधील होदचा. तो शिमोन बार योखाय यांचा स्मृतिदिन मानला जातो आणि गालीलमधील मेरोन येथे त्यांच्या समाधीपाशी होळ्या पेटवतात. एकोणपन्नासाव्या दिवशी माल्खुतमधील माल्खुत येते, आणि दुसऱ्या दिवशी सिनाय पर्वतावर तोरा हा धर्मग्रंथ मिळाल्याचा शावुओत हा सण सुरू होतो.