डाइव्ह वॉच: एकाच बाजूला फिरणारं कडं आणि हीलियमचा व्हॉल्व्ह

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर डाइव्ह करताना ब्लांपां या घड्याळ कंपनीचे प्रमुख झां-जाक फिश्टर यांचं वेळेचं भान सुटलं आणि टाकीतली हवा संपली. ते वाचले. त्यातून 1953 साली आलेल्या ‘फिफ्टी फॅदम्स’ या घड्याळाच्या काचेभोवती फिरणारं कडं, म्हणजे बेझेल, होतं. धक्क्याने ते सरकू नये म्हणून दाबल्याशिवाय फिरायचं नाही. फक्त काट्यांच्या उलट्या दिशेला फिरणारं कडं सर्रास रुळायला पुढे बराच काळ गेला. रोलेक्सची ‘सबमरीनर’ 1970च्या दशकातही दोन्हीकडे फिरत होती.

उलटीच दिशा का? 30 मीटर खोलीवर, पाडी या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यानुसार, थांबा न घेता वर येण्याची मुदत 20 मिनिटं आहे. 10:20ला उतरताना कड्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर लावला, की 10:40ला काट्यासमोर 20 दिसतात. मध्येच टाकीला घासून कडं 5 मिनिटांइतकं उलटं सरकलं, तर 25 दिसतील आणि तुम्ही लवकर वर निघाल. सुलटं सरकलं असतं, तर 15च दिसले असते आणि तुम्ही मुदत ओलांडून खाली राहिला असता. कडं नीट फिरत नसेल, तर बहुधा खाली मीठ आणि वाळू अडकलेली असते. डाइव्हनंतर गोड्या पाण्यात ते फिरवून धुवावं.

स्क्रू क्राउन त्याआधीचा. रोलेक्सने 1926च्या ‘ऑयस्टर’मध्ये चावी आट्यांवर घट्ट बसवली. घड्याळात पाणी जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे अर्धवट आवळलेली चावी. ती बसवताना हलकं दाबून आधी उलटी फिरवा, आटे जुळल्याचा बारीकसा टिक जाणवला की सुलटी. पहिल्याच फेरीत जोर लागत असेल, तर आटे वाकडे धरलेत. सोडून पुन्हा सुरुवात करा. शंका असेल तर घड्याळ हाताने कोमट करून काचेवर गार पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवा. तो पुसल्यावर काचेच्या आतून धुकं दिसलं, तर आत दमट हवा आहे. वॉशर तपासून घेतल्याशिवाय ते पाण्यात नेऊ नये.

हीलियमचा व्हॉल्व्ह मात्र वेगळ्याच लोकांसाठी आहे. 1960च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या सीलॅब या समुद्रतळावरच्या प्रयोगशाळेत माणसं हीलियम मिसळलेल्या, दाबाखालच्या हवेत दिवसचे दिवस राहायची. हीलियमचे बारीक अणू वॉशरमधून घड्याळात शिरायचे. वर येताना कोठडीतला दाब हळूहळू उतरवला जाई, पण आतला वायू तितक्या वेगाने बाहेर पडत नसे आणि काच उडायची. म्हणजे अडचण पाण्यात नव्हती, कोरड्या खोलीत होती. रोलेक्सने 1967 साली या झडपेचं पेटंट नोंदवलं.

तारकर्लीला टाकीतली साधी हवा घेऊन तासाभराची डाइव्ह करणाऱ्याच्या घड्याळात हीलियम येणार कुठून? त्याच्यासाठी तो व्हॉल्व्ह म्हणजे केसला पडलेलं आणखी एक भोक, वॉशर सांभाळावा लागणारं. हाताने उघडणारा असेल, तर उतरण्याआधी तो बंद आहे ना, एवढं पाहावं.