रिसोर्स लेव्हलिंग आणि रिसोर्स स्मूदिंग

प्रकल्पाच्या वेळापत्रकात एकाच माणसावर त्याच्या उपलब्ध तासांपेक्षा जास्त काम पडले, तर कामे पुढे-मागे सरकवून तो ताण उतरवण्याच्या या दोन पद्धती. स्मूदिंगमध्ये प्रकल्पाची अंतिम तारीख हलत नाही; कामे फक्त त्यांच्या फ्लोटपुरती, म्हणजे शेवट न लांबवता जितकी सवड आहे तितकीच, सरकतात. लेव्हलिंगमध्ये माणसाचे तास अचल धरतात आणि गरज पडल्यास तारीख पुढे ढकलतात.

समजा, एका प्रकल्पात डेटाबेस सांभाळणारी एकच व्यक्ती आहे आणि ती दिवसाला ८ तास काम करते. तिच्याकडे ८ दिवसांचे डेटा स्थलांतर आहे, त्यानंतर इतरांची ६ दिवसांची चाचणी. हा क्रिटिकल पाथ, म्हणजे प्रकल्पाचा शेवट ठरवणारी सर्वांत लांब साखळी, १४ दिवसांचा. ५ दिवसांचे अहवाल तयार करण्याचे कामही तिचेच. त्यामागून दुसऱ्या कोणाचे ३ दिवसांचे पुस्तिकालेखन. या साखळीला ६ दिवसांचा फ्लोट आहे. दोन्ही कामे पहिल्याच दिवशी सुरू केली, तर पाच दिवस तिच्या नावावर रोज १६ तास लागतात.

स्मूदिंगने अहवालांची सुरुवात सातव्या दिवसापर्यंत पुढे ढकलता येते, त्याहून पुढे नाही. स्थलांतर आठव्या दिवशी संपत असल्याने सातवा आणि आठवा दिवस दुहेरी भाराचेच राहतात. ताण पाचावरून दोन दिवसांवर येतो, पण नाहीसा होत नाही. उरलेल्या भारासाठी जादा तास किंवा मदतनीस मिळाला नाही, तर १४ दिवसांची तारीख नुसती कागदावरची ठरते. स्मूदिंगनंतर तासांचा आलेख पुन्हा न पाहणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही.

लेव्हलिंगने अहवाल नवव्या दिवशी सुरू होऊन तेराव्या दिवशी संपतात, पुस्तिका सोळाव्या दिवशी. उशीर दोन दिवसांचा. आता शेवट ठरवणारी साखळी स्थलांतर, अहवाल, पुस्तिका अशी झाली आणि चाचणीलाच दोन दिवसांची सवड मिळाली. स्थलांतर आणि अहवाल यांच्यात तांत्रिक अवलंबन काहीच नाही; त्यांना बांधणारा दुवा ती व्यक्ती आहे. क्रम उलटा केला, आधी अहवाल आणि मग स्थलांतर, तर मात्र १९ दिवस लागतात.

कार्यालयांत सर्रास दिसणारा तिसरा मार्ग म्हणजे ‘निम्मा वेळ इकडे, निम्मा तिकडे’. तो दिसतो न्याय्य, पण त्यात स्थलांतर तेराव्या दिवसापर्यंत रेंगाळते आणि प्रकल्प पुन्हा १९ दिवसांवर जातो. एका कामातून दुसऱ्यात शिरताना वाया जाणारा वेळ वेगळाच.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये `Level only within available slack` हा पर्याय निवडला की लेव्हलिंगचा आदेश प्रत्यक्षात स्मूदिंगसारखा चालतो. कामांचा प्राधान्यक्रम ० ते १००० असा देता येतो आणि १००० दिलेले काम लेव्हलिंगमध्ये हलत नाही. सॉफ्टवेअर ठरावीक नियमांनी क्रम लावते, त्यामुळे मिळालेली तारीख सर्वांत जवळची असेलच असे नाही.