सिद्धेश्वर टेक्स्टाइलचं बिल आणि आयटेक्स्टचा परवाना

सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखानदारांसाठी जावात बिलिंग लिहिणारे आम्ही काहीजण आहोत. जुन्या प्रोजेक्टमध्ये पीडीएफसाठी बहुधा एकच लायब्ररी सापडते: आयटेक्स्ट, आवृत्ती २.१.७. तीच का, याचं उत्तर २००९ सालात आहे.

तोवर आयटेक्स्ट एमपीएल आणि एलजीपीएल परवान्याखाली मिळायची, म्हणजे आपलं सॉफ्टवेअर बंद ठेवूनही ती वापरता येत असे. २००९च्या अखेरीस पाचवी आवृत्ती आली ती एजीपीएलखाली. नेटवरून चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती वापरायची, तर वापरणाऱ्यांना आपला सोर्स कोड द्यायचा, नाहीतर व्यावसायिक परवाना विकत घ्यायचा. पॅकेजचं नावही `com.lowagie` वरून `com.itextpdf` झालं. हजारो रुपयांत सॉफ्टवेअर विकणाऱ्या आमच्यासारख्यांना यातलं काहीच परवडत नव्हतं. म्हणून लोक जुन्या आवृत्तीवरच थांबले.

परवान्याची अडचण टळली, पण मूळ कर्त्यांनी त्या आवृत्तीची देखभाल सोडली. माझ्या मते लायब्ररी जोखताना हीच गोष्ट सर्वांत जास्त निसटते: प्रकल्प जिवंत आहे, पण आपण उभे आहोत ती फांदी वाळलेली असते. २०१७ साली एक्सएमएल वाचण्यातली एक त्रुटी जाहीर झाली (CVE-2017-9096). ती ५.५.१२ मध्ये दुरुस्त झाली, २.१.७ तशीच राहिली. फक्त बिल छापणाऱ्याला तिची झळ लागत नाही. बाहेरून आलेली पीडीएफ उघडून वाचणाऱ्याला लागू शकते. आकाराचंही तसंच. जार लहान आहे, पण ती बाउन्सीकॅसल या कूटलेखनाच्या लायब्ररीच्या फार जुन्या आवृत्त्या सोबत ओढून आणते.

आपल्याकडे काय आहे ते असं दिसतं:

```
mvn dependency:tree -Dincludes=com.lowagie,com.itextpdf
```

आमच्या एका प्रोजेक्टमध्ये `2.1.7.js6` निघाली. आम्ही ती कधी घातलीच नव्हती. रिपोर्ट बनवणाऱ्या जॅस्पर लायब्ररीनं स्वतःच्या दुरुस्त्या करून ती आत आणली होती.

आमच्यापुरती अडचण आणखी एक होती. बिलावर ‘सिद्धेश्वर टेक्स्टाइल’ छापायला गेलं की वेलांटी ‘स’च्या डावीकडे न येता उजवीकडे पडायची आणि ‘द्ध’ फुटून हलन्तासह दिसायचा, कारण देवनागरी अक्षरं जोडण्याचं काम ही आवृत्ती करतच नाही. आयटेक्स्ट ७ साठी त्याचा वेगळा जोड आहे, तोही विकतचा.

जुन्या मोकळ्या परवान्याच्या कोडवरून पुढे ओपनपीडीएफ नावाची शाखा निघाली, एलजीपीएल आणि एमपीएलखालीच. तिच्यातला `LayoutProcessor` अक्षरजुळणी जावाच्या स्वतःच्या मांडणीकडे सोपवतो. तिच्याकडे वळण्याआधी आम्ही गेल्या दोन वर्षांतल्या आवृत्त्यांच्या तारखा पाहिल्या आणि बदल एकच माणूस स्वीकारतो की अनेकजण, तेही पाहिलं. १.३ मालिकेत पॅकेजचं नाव `com.lowagie` च असल्यानं `import` च्या ओळी जवळपास तशाच राहिल्या. पहिलं बिल आम्ही सिद्धेश्वर टेक्स्टाइलच्याच नावानं काढून पाहिलं.